कादंबरीच्या दारावरची ओळ

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला आम्ही काही मराठी वाचक महिन्यातून एकदा जमतो. मागच्या बैठकीत विषय होता टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना'. कादंबरीवर बोलणं होण्याआधीच वाद पेटला तो तिच्या पहिल्या पानावरच्या एका ओळीवरून. ती ओळ बायबलमधली आहे : "सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन." एका बाजूचं म्हणणं असं की लेखकाने सुरुवातीलाच निकाल देऊन ठेवला आहे. बाईने लग्न मोडलं, देवाने शिक्षा केली, कादंबरी संपली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की ही अवतरणं म्हणजे वेलबुट्टी, प्रकरणांची नावं म्हणजे प्रकाशकाची सोय, वाचकाने सरळ पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण कादंबरी उघडून पाहायची गरज कुणालाच वाटली नाही. वाद रंगला आणि पुस्तक टेबलावर मिटलेलंच राहिलं, याचं मला वाईट वाटलं.

माझं मत आधीच सांगतो. सुरुवातीचं अवतरण आणि प्रकरणांची नावं हा पुरावाच आहे आणि तो टाकून देणारा वाचक स्वतःचं नुकसान करून घेतो. पण तो पुरावा लेखकाने कोणता प्रश्न समोर ठेवला याचा आहे, उत्तराचा नाही. उत्तर कादंबरीच्या आतच शोधावं लागतं, आणि आतलं कथानक त्या ओळीला साथ देतं की तिच्याशी झगडतं, हे पानापानावर ताडून पाहावं लागतं.

पहिल्या बाजूची सवय कुठून आली असावी, हे मला कळू शकतं. आपल्यापैकी बरेच जण नारदीय कीर्तन ऐकत मोठे झाले. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगावर येतात. तिथे आख्यानाचं काम अभंग सिद्ध करून दाखवणं हेच असतं. ही रचना आपल्या कानात इतकी मुरली आहे की कादंबरीच्या वर एखादं वचन दिसलं की आपण त्याला मूळपद समजतो आणि पुढची सात-आठशे पानं त्याचं आख्यान. कीर्तनात हे योग्यच आहे. पण कादंबरीकारावर असं कोणतंही बंधन नसतं. तो वचन वर ठेवून खाली त्याची परीक्षा घेऊ शकतो.

आता ती परीक्षा करून पाहू. अवतरण दिसलं की पहिलं काम म्हणजे ते जिथून घेतलं तिथे जाऊन त्याच्या आजूबाजूच्या ओळी वाचणं. टॉलस्टॉयने खाली स्रोत दिलेला नाही, त्यामुळे हे काम वाचकावर येतं. ओळ बायबलमध्ये दोन ठिकाणी भेटते. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात ती देवाच्या धमकीसारखी येते : शत्रूंचा दिवस भरत आला आहे, त्यांचा पाय घसरेल. नव्या करारात पौल तीच ओळ रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात उद्धृत करतो, पण तिथे रोख पूर्ण बदलतो. पौल माणसांना सांगतो आहे की तुम्ही सूड घेऊ नका, ते काम तुमचं नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल. टॉलस्टॉयने जुन्या चर्चच्या भाषेतले जे शब्द वापरले आहेत ते या दुसऱ्या जागेशी जुळतात. म्हणजे आमच्या बैठकीत जी ओळ शिक्षेचा हुकूम म्हणून वाचली गेली, ती तिच्या मूळ जागी न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या माणसांना दिलेली ताकीद आहे.

इथे कुणी म्हणेल, लेखकाने मूळ जागा ध्यानात ठेवूनच ओळ घेतली असं कशावरून? शंका रास्त आहे. ओळ प्रसिद्ध होती, सुटी फिरत होती. म्हणून दुसरी पायरी : ओळ कादंबरीवर ठेवून पाहायची आणि ती कुणाला लागू पडत नाही हे शोधायचं. लागू पडणारी माणसं कुणालाही सापडतात. खरी माहिती मिळते ती न बसणाऱ्या माणसाकडून.

अ‍ॅनाचा भाऊ स्तीवा ओब्लोन्स्की हा तो माणूस. कादंबरी सुरू होते तीच त्याच्या व्यभिचाराने. मुलांच्या फ्रेंच शिक्षिकेबरोबरचं त्याचं प्रकरण बायकोला, डॉलीला, कळलं आहे आणि घर विस्कटलं आहे. ते सावरायला पीटर्सबर्गहून बहिणीला बोलावणं जातं. म्हणजे अ‍ॅना या कथेत येते ती दुसऱ्याचं मोडू पाहणारं लग्न सांधायला. स्तीवा पुढेही तसाच वागत राहतो. त्याला काय शिक्षा होते? काहीच नाही. शेवटच्या, आठव्या भागात तो स्टेशनवर भेटतो तेव्हा आपल्याला नवी नेमणूक मिळाल्याचा निरोप बायकोला द्यायला सांगत असतो. तिथेच अ‍ॅनाचा प्रियकर व्रॉन्स्की आहे असं कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर दुःख उमटतं. पण तो व्रॉन्स्कीपाशी पोचेपर्यंत बहिणीच्या प्रेतावर आपण हुंदके देऊन रडलो होतो हेसुद्धा तो पार विसरलेला असतो. जर 'पापाला शिक्षा' हा या कादंबरीचा हेतू असेल, तर टॉलस्टॉयसारख्या काटेकोर लेखकाने पहिल्याच पानावर पापी उभा करून शेवटपर्यंत त्याला मोकळं का सोडलं असतं?

उलट बाजूने पाहा. या कादंबरीत सूड कोण घेतं? पाचव्या भागात अ‍ॅना नाटकगृहात जाते आणि शेजारच्या कक्षातली बाई, हिच्याशेजारी बसणं लाजिरवाणं आहे, असं म्हणून उठते. त्याच समाजात व्रॉन्स्कीला स्वतःला जायला-यायला मुभा आहे, दारं बंद आहेत ती फक्त तिला. आणि सातव्या भागाच्या शेवटी, आगगाडीखाली जीव देण्याआधी रुळांकडे बघताना, अ‍ॅनाच्या मनात येतं की मी त्याला शिक्षा करीन आणि सगळ्यांपासून, स्वतःपासूनही सुटेन. ज्या मृत्यूला आपण देवाचा सूड म्हणतो, तो तिच्या मनात व्रॉन्स्कीवरचा सूड आहे. माणसांनी स्वतःच्या हातात घेतलेला न्याय या कादंबरीत जिथे जिथे दिसतो, तिथे तिथे तो कुणाला तरी उद्ध्वस्त करतो. वरची ओळ हे सगळं समजावून सांगत नाही, पण कुठे बघायचं ते दाखवते.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा यापुढे येतो, आणि तो टाळून चालणार नाही. टॉलस्टॉयने स्वतःच उत्तर दिलेलं आहे. १९०७ मध्ये वेरेसायेव्ह या लेखकाने या अवतरणाचा आपल्या परीने अर्थ लावला होता आणि टॉलस्टॉयचे जावई सुखोतिन यांनी तो त्यांच्यापुढे ठेवला. टॉलस्टॉय म्हणाले, कल्पना हुशारीची आहे, पण मी ती ओळ घेतली ती एवढ्यासाठी की माणूस जे वाईट करतो त्याचं फळ म्हणून येणारं सगळं कडू माणसांकडून नव्हे तर देवाकडून येतं, आणि अ‍ॅनाने ते भोगलं. झालं, लेखकच बोलला, आता वाद कसला?

मी हे विधान हलकं मानत नाही. लेखकाच्या हेतूबद्दल बोलताना लेखकाचा शब्द सोडून द्यायचा, ही पळवाट झाली. पण दोन गोष्टी बघायला हव्यात. ही कादंबरी १८७५ ते १८७७ मध्ये प्रसिद्ध होत होती. उत्तर देणारा टॉलस्टॉय त्यानंतर तीस वर्षांनी बोलतो आहे, आणि मधल्या काळात त्याच्या श्रद्धेत इतकी उलथापालथ झाली की आपल्या जुन्या कादंबऱ्यांबद्दलच त्याचं मन उडालं होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे उत्तर उद्धृत करणारे लोक 'देवाकडून' हा शब्द धरतात आणि त्याच वाक्यातला 'माणसांकडून नव्हे' हा भाग सोडून देतात. शिक्षा आहे असं लेखक म्हणतो, हे कबूल. पण ती देण्याचा अधिकार नाटकगृहातल्या त्या बाईचा नाही, हेही तोच म्हणतो. १८७७ मध्येच दस्तयेवस्कीने या कादंबरीवर लिहिताना हाच धागा पकडला होता : शेवटचा न्याय करणारा कुणी दुसराच आहे, आणि माणूस न्यायाला बसला तर आपण अंतिम न्यायाधीश नाही हे त्याने ओळखून बसावं.

आणि कादंबरी स्वतः काय म्हणते? आठव्या भागात, अ‍ॅना गेल्यानंतर, व्रॉन्स्कीची आई आगगाडीच्या डब्यात कादंबरीतल्या दुसऱ्या कथानकाचा नायक लेव्हिन याचा सावत्र भाऊ कोझ्निशेव्ह याला सगळी हकिकत सांगते. तिचं म्हणणं, असल्या बाईचा शेवट व्हायचा तसाच झाला, मरणसुद्धा तिने हलकंच निवडलं. कोझ्निशेव्ह उसासा टाकून म्हणतो, "न्याय करणारे आपण नव्हे, काउंटेस." पहिल्या पानावरची ओळ शेकडो पानांनंतर माणसाच्या तोंडून अशी परत आली आहे. कोझ्निशेव्ह हा काही टॉलस्टॉयचा लाडका माणूस नाही, तो कोरडा विद्वान आहे, हेही मान्य. तरीही अ‍ॅनावर निकाल देणारं पात्र आणि त्याला अडवणारं पात्र समोरासमोर बसवायचं ठरवलं ते लेखकाने, आणि निकाल देण्यासाठी निवडलं ते मुलाच्या अशाच प्रकरणांवर एकेकाळी खूश असणाऱ्या बाईला. मला याहून स्पष्ट दाखला नको.

आता प्रकरणांच्या नावांकडे येतो, कारण याच कादंबरीत त्याचा विलक्षण नमुना आहे. आठ भागांत मिळून २३९ प्रकरणं आहेत. सगळ्यांना नुसते क्रमांक. फक्त एकाच प्रकरणाला नाव आहे, पाचव्या भागातल्या विसाव्या : 'मृत्यू'. पुस्तक न वाचलेला कुणीही म्हणेल की हे अ‍ॅनाच्या मरणाचं प्रकरण असणार. पण ते लेव्हिनच्या भावाचं, निकोलायचं आहे. एका गावातल्या घाणेरड्या हॉटेलात तो क्षयाने मरतो आहे, लेव्हिनला काय करावं सुचत नाही, आणि त्याची नवी नवरी किटी मात्र अंथरूण बदलणं, औषध, स्वच्छता सगळं हातात घेते. मरण लांबत जातं. सगळे थकतात, आणि रोग्यासकट सगळ्यांना आता ते संपावं असं वाटू लागतं. शेवटी तो जातो. आणि 'मृत्यू' हे नाव असलेल्या या प्रकरणाचा शेवट कुठे होतो? किटीच्या आजारपणाचं कारण डॉक्टर सांगतो : ती गरोदर आहे.

यावर आक्षेप असा की हा योगायोग असेल, हप्त्याहप्त्याने छापताना राहून गेलेलं एखादं नाव असेल. असू शकतं. एकाकी पुराव्यावर इमला बांधू नये. पण पुस्तकरूपाने काढताना टॉलस्टॉयने आपला मित्र स्त्राखोव्ह याच्या मदतीने मजकूर पुन्हा तपासला होता आणि नाव राहिलं. टॉलस्टॉयचे दोन भाऊ, दिमित्री आणि निकोलाय, क्षयाने गेले होते, हेही आपल्याला माहीत आहे. आणि नाव कसं का पडलेलं असेना, ते वाचकावर एक परिणाम घडवतं. अ‍ॅनाच्या मरणाला नाव नाही आणि या मरणाला आहे, हे लक्षात आलं की कादंबरी दोन कथानकांची आहे याची जाणीव पक्की होते. लेव्हिनचा भाग म्हणजे मधली शेतीची पानं, ती उलटून अ‍ॅनाकडे जावं, असं म्हणणाऱ्या वाचकाला हे एकटं नाव अडवतं. इथे थांब, मरणाचा प्रश्न लेव्हिनच्या बाजूने विचारलेला आहे, असं ते सांगतं. आठव्या भागात नायिका गेल्यावरही कादंबरी का चालू राहते आणि लेव्हिन दोरी, बंदूक स्वतःपासून दूर का ठेवतो, याचा धागा त्या विसाव्या प्रकरणापासून निघतो.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे 'वेलबुट्टी' म्हणणाऱ्यांनाही त्यांचं देणं दिलं पाहिजे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कवितेच्या ओळी लावायची एक फॅशन इंग्रजी कादंबरीत होऊन गेली. वॉल्टर स्कॉट हा त्यातला मोठा धनी. १८१६ च्या 'द अँटिक्वरी'च्या वेळी त्याने मित्राला एका जुन्या नाटकातली ओळ शोधायला बसवलं. ती सापडेना, तेव्हा तो वैतागून म्हणाला की तू शोधशील त्याआधी मीच एक रचून टाकीन. तेव्हापासून त्याच्या प्रकरणांवर 'जुने नाटक' असं लिहिलेल्या कितीतरी ओळी त्याच्या स्वतःच्याच आहेत. असल्या ओळींवर हेतूचा महाल उभा करणारा समीक्षक फसणारच. म्हणून फरक करायला हवा. प्रकरणागणिक ठेवलेली पन्नास अवतरणं आणि सबंध कादंबरीवर ठेवलेली एकच ओळ यांचं वजन सारखं नसतं. ओळ झाकून प्रकरण वाचावं. काहीही बदललं नाही तर ती शोभेची. पण शोभेच्या ओळी असतात म्हणून सगळ्याच शोभेच्या, हा तर्क चालणार नाही.

नावांच्या बाबतीत आधी विचारायचा प्रश्न म्हणजे, नाव दिलं कुणी? गीतेच्या पहिल्या अध्यायाला आपण सहज 'अर्जुनविषादयोग' म्हणतो आणि विषादालाही योग म्हटलं आहे यावर तासतास प्रवचनं ऐकतो. पण ही नावं श्लोकांत नाहीत. ती अध्यायाच्या शेवटच्या समाप्तिवाक्यांत येतात, आणि पोथ्यापोथ्यांत, टीकाकारांगणिक ती काही ठिकाणी बदलतात. म्हणून ती निरुपयोगी ठरतात का? नाही. कुणा तरी मर्मज्ञाने केलेलं ते वाचन आहे आणि शतकानुशतकं टिकलेलं आहे. पण त्याला मूळ वक्त्याचा हेतू म्हणून साक्षीला उभं करता येत नाही. कादंबरीतही लेखकाने दिलेलं नाव, मासिकाच्या संपादकाने दिलेलं नाव आणि अनुवादकाने वाचकाच्या सोयीसाठी घातलेलं नाव, यांची सरमिसळ करू नये.

लेखकाचंच असेल तर नावांची यादी नुसती ओळीने वाचली तरी पुष्कळ कळतं. आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांना 'सरस्वतीचंद्र' ही गुजराती कादंबरी परकी नाही. गोवर्धनराम त्रिपाठींनी १८८७ ते १९०१ या काळात चार भागांत ती लिहिली. पहिल्या भागाचं नाव बुद्धिधनाच्या कारभारावरून, दुसऱ्याचं गुणसुंदरीच्या कुटुंबजाळावरून, तिसऱ्याचं रत्ननगरीच्या राज्यतंत्रावरून. ज्याच्या नावाची कादंबरी, तो सरस्वतीचंद्र भागाच्या नावात येतो थेट चौथ्यात, तोही स्वतःच्या मनोराज्यासह. सिनेमा-मालिका पाहून ही कुमुद आणि सरस्वतीचंद्राची प्रेमकथा म्हणून उघडणारे वाचक तिसऱ्या भागात कंटाळून पुस्तक ठेवतात आणि लेखक विषयांतर करतो अशी तक्रार करतात. दिवाणाचं घर, एकत्र कुटुंब, संस्थान आणि मग एकटा माणूस, असा क्रम लेखकाने मुखपृष्ठावरच मांडला होता. विषयांतर झालं कुठे?

मराठीत खांडेकरांची 'ययाति' पाहा. तिथे भागांवर निवेदकांची नावं आहेत : ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. कचाचं नाव नाही. संयम आणि त्यागाची बाजू ज्याच्याकडे आहे, जो लेखकाचा आदर्श आहे असं आपण शाळेपासून ऐकत आलो, त्याला स्वतःचं म्हणणं 'मी' म्हणून सांगायची जागाच दिलेली नाही. तो दिसतो तो ज्यांना काहीतरी हवं आहे त्यांच्या डोळ्यांतून. कचाला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं असतं तर कादंबरी उपदेश झाली असती, असं मला वाटतं. कुणी याचा वेगळा अर्थ लावेल, जरूर लावावा. पण हा प्रश्न पडायला नावांची यादी आधी वाचलेली असावी लागते.

आमच्या बैठकीतला वाद निष्फळ होण्याचं एक साधं कारण पुस्तकांच्या प्रतींत होतं. काहींच्या हाती संक्षिप्त अनुवाद होते. एका प्रतीत पहिल्या पानावरची ओळच नव्हती, आणि 'मृत्यू' हे नाव पुसून सगळी प्रकरणं सलग क्रमांकाने लावलेली होती. अनुवादकाने पानं कमी केली तर मी समजू शकतो, कागद महाग आहे. पण एक ओळ आणि एक शब्द वाचवून काय साधलं? ज्यांनी तो अनुवाद वाचला त्यांना स्तीवाच्या सुटकेचं आश्चर्य वाटण्याचं कारण उरलं नाही, आणि निकोलायचं मरण त्यांना मधलं एक लांबलेलं प्रकरण वाटलं. माझी मराठी अनुवादकांना आणि प्रकाशकांना मागणी आहे : मूळ अवतरण जसंच्या तसं छापा, लेखकाने स्रोत दिला नसेल तर तुम्हीही तो ओळीखाली न देता टीपेत द्या, भाग आणि प्रकरणांची मूळ विभागणी ठेवा, आणि तुम्ही स्वतः नावं घातली असतील तर प्रस्तावनेत तसं सांगा.